पडद्यावरचा हरवलेला हिरवा

अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना एक प्रश्न हमखास भेटतो. आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत तो १९८०च्या दशकात विचारला गेला आणि तेव्हापासून क्लासच्या नोट्समध्ये मुक्कामालाच आहे. दोन बारीक फटींवर पांढरा प्रकाश पडतो आहे, समोर पडदा आहे. पडद्यावर एका फटीच्या बरोबर समोर जो बिंदू आहे, तिथे कोणत्या तरंगलांबी गैरहजर असतील? उत्तर पाठ असतं. फटींमधल्या अंतराचा वर्ग करा, त्याला पडद्याच्या अंतराने भागा. ही पहिली गैरहजर तरंगलांबी. मग तिचा एक तृतीयांश, एक पंचमांश, असं पुढे. मुलं पर्यायावर खूण करतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

या उत्तरात खरे आकडे घालून पाहणारे मात्र कमी. समजा फटी एकमेकींपासून अर्ध्या मिलिमीटरवर आहेत आणि पडदा एक मीटर दूर आहे. प्रयोगशाळेत मांडता येईल अशीच ही मांडणी. अर्ध्याचा वर्ग पाव, त्याला हजार मिलिमीटरने भागलं की येतात ०.०००२५ मिलिमीटर, म्हणजे २५० नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्या डोळ्याला ढोबळ मानाने ४०० ते ७०० नॅनोमीटरमधलाच प्रकाश दिसतो. ४०० जांभळ्या टोकाला, ७०० लाल टोकाला. २५० नॅनोमीटर ही तर अतिनील तरंगलांबी झाली, आणि तिचा एक तृतीयांश त्याहूनही पलीकडचा. म्हणजे त्या सुप्रसिद्ध बिंदूवर डोळ्याला दिसणारं काहीच गैरहजर नाही! तिथे किंचित पिवळसर झाक आलेला पांढरा उजेड आहे, इतकंच.

प्रश्न चुकीचा नाही. फटी दोन मिलिमीटर अंतरावर घेतल्या, तर त्याच बिंदूवर ५७१ नॅनोमीटरचा पिवळसर हिरवा आणि ४४४ नॅनोमीटरचा निळा खरोखर नाहीसा होतो. पण सूत्र पाठ असणं आणि पडद्यावर काय दिसेल हे कळणं यात किती अंतर आहे, ते या एका हिशोबातून कळतं. या लेखात आपण अर्ध्या मिलिमीटरची आणि एक मीटरची हीच मांडणी धरून पडद्याच्या मधोमध उभे राहू आणि कडेकडेने सरकत जाऊ.

दोन फटींचा प्रयोग थॉमस यंग या इंग्रज डॉक्टरच्या नावाने ओळखला जातो. त्याने १८०३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जो प्रयोग वाचून दाखवला, त्यात फटी नव्हत्याच. खिडकीच्या झडपेतल्या सुईएवढ्या छिद्रातून आत येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत त्याने पुठ्ठ्याची एक पातळ पट्टी आडवी धरली होती, इंचाच्या तिसाव्या भागाएवढ्या जाडीची. पट्टीच्या दोन्ही कडांवरून वळून आलेला प्रकाश तिच्या सावलीत एकत्र येत होता आणि सावलीत रंगीत रेघा उमटत होत्या. एका बाजूने येणारा प्रकाश अडवला की सावलीतल्या त्या रेघा गायब होत. दुसऱ्या बाजूचा उजेड तसाच पोचत असूनही! दोन छिद्रांची किंवा फटींची मांडणी त्याच्या १८०७ साली छापलेल्या व्याख्यानांत येते. तिथेच त्याने टोकाच्या लाल प्रकाशाची तरंगलांबी इंचाचा छत्तीस हजारावा भाग आणि टोकाच्या जांभळ्याची साठ हजारावा भाग अशी दिली आहे. आजच्या मापात हे ७०६ आणि ४२३ नॅनोमीटर होतात. उन्हाची तिरीप आणि मोजपट्टी एवढ्या भांडवलावर काढलेले हे आकडे आजही मान खाली घालायला लावत नाहीत.

यातलं मर्म थोडक्यात सांगता येतं. पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूवर दोन्ही फटींमधून प्रकाश येतो. बरोबर मध्यावर दोन्ही वाटा सारख्या लांबीच्या असतात. मध्यापासून बाजूला सरकलं की एक वाट दुसरीपेक्षा थोडी लांब होते. या फरकाला पथांतर म्हणतात. आपल्या मांडणीत ते काढायला सोपं आहे: मध्यापासून एक मिलिमीटर सरकलं की पथांतर ५०० नॅनोमीटरने वाढतं. दोन मिलिमीटरवर हजार, पाच मिलिमीटरवर अडीच हजार. हा एक आकडा लक्षात ठेवला की पुढचं सगळं तोंडी हिशोबाने होतं.

पथांतर एखाद्या तरंगलांबीच्या पूर्ण पटीत असेल, तर दोन्ही वाटांनी आलेल्या लाटांचे उंचवटे एकमेकांवर येतात आणि तो रंग तिथे पूर्ण तेजाने उजळतो. पथांतर अर्धी, दीड, अडीच, साडेतीन अशा पटीत असेल, तर एकीचा उंचवटा दुसरीच्या खोलगटावर येतो आणि तो रंग तिथे पुसला जातो. याला व्यतिकरण म्हणतात. सोडियमच्या दिव्यासारखा एकाच रंगाचा प्रकाश घेतला, की पडद्यावर पिवळा-काळा-पिवळा-काळा अशा सारख्या रुंदीच्या पट्ट्यांची झालर दिसते. पांढऱ्या प्रकाशात ४०० ते ७०० पर्यंतचे सगळे रंग असतात आणि प्रत्येक रंग आपली स्वतंत्र झालर मांडतो. जांभळ्याचे पट्टे ०.८ मिलिमीटर अंतराने येतात, हिरव्याचे १.१ मिलिमीटरने, लालचे १.४ मिलिमीटरने. या सगळ्या झालरी एकाच पडद्यावर एकमेकींवर पडतात. त्या एकमेकींशी नेमक्या जुळतात फक्त एका जागी, मध्यावर, कारण शून्य पथांतर सगळ्यांनाच सारखं.

म्हणून मधला पट्टा पांढरा. आता सरकायला लागू.

मध्यापासून ०.४ मिलिमीटरवर पथांतर २०० नॅनोमीटर होतं. हे ४०० नॅनोमीटरच्या बरोबर अर्धं, म्हणून टोकाचा जांभळा तिथे पूर्ण पुसला गेला. बारावीच्या पुस्तकात इथे थेट सांगितलेलं असतं की निळा गेला म्हणून पट्टा लाल दिसतो. हे जरा घाईचं विधान आहे. गेलेली तरंगलांबी एकच असली, तरी तिचे शेजारीही जवळजवळ गेलेले असतात. पूर्ण उजळलेल्या स्थितीशी तुलना केली तर ४५० नॅनोमीटरचा निळा तिथे जेमतेम तीन टक्के उरतो, ५५० चा हिरवा सतरा टक्के, ६०० चा नारिंगी पंचवीस, ७०० चा लाल एकोणचाळीस. सगळेच मंदावले आहेत आणि लालकडचे त्यातल्या त्यात तग धरून आहेत. डोळ्याला हे मिश्रण तपकिरी पिवळसर दिसतं; लालबुंद नव्हे. आणखी सरकून ०.५५ मिलिमीटरवर गेलं, की पथांतर २७५ होतं आणि ५५० नॅनोमीटरचा हिरवा शून्यावर येतो. आपला डोळा दिवसाच्या उजेडात ज्या रंगाला सर्वांत जास्त दाद देतो तो नेमका हाच, आणि त्याचे दोन्हीकडचे शेजारीही क्षीण झालेले असतात. म्हणून सगळ्या पडद्यावरची ही सर्वांत काळोखी जागा. तरी ती पूर्ण काळी नसते. जांभळा सुमारे तीस टक्के परत आलेला असतो आणि टोकाचा लाल दहा टक्के शिल्लक असतो, त्यामुळे तिला गर्द जांभळट छटा येते.

तिथून पुढे ०.६५ मिलिमीटरच्या आसपास निळा दिसू लागतो, कारण निळा-जांभळा आता पुन्हा चढणीवर आहे आणि लालची पाळी पुसलं जाण्याची. एक मिलिमीटरपाशी निळसर हिरवा, १.२ ला सोनेरी पिवळा, १.३ ते १.४५ मध्ये नारिंगी, १.६५ च्या जवळ जांभळट लाल. या जांभळट लाल जागी पथांतर ८२५ नॅनोमीटर असतं, म्हणजे ५५० ची दीडपट. हिरवा दुसऱ्यांदा पुसला गेला आहे.

मध्याच्या कडेला लाल येतो की निळा, यावर मुलांचे वाद होतात. पुस्तकातलं एक वाक्य म्हणतं, पांढऱ्या पट्ट्याला लागून लालसर कड आणि त्यापलीकडे निळा. दुसरं म्हणतं, पहिल्या रंगीत पट्ट्याची आतली बाजू निळी आणि बाहेरची लाल. दोन्ही बरोबर आहेत. पहिलं वाक्य मधल्या पांढऱ्या पट्ट्याच्या कडेबद्दल आहे; तिथे निळा आधी मावळतो. दुसरं त्याच्या पुढच्या पट्ट्याबद्दल आहे. तिथे निळा आधी उगवतो. पडद्यावर क्रम लागतो तो असा: पांढरा, तपकिरी लालसर कड, काळोखी रेघ, मग निळा, हिरवट, पिवळा, नारिंगी, लाल. कोणी एकच वाक्य पाठ करून भांडत असेल, तर त्याला हा पूर्ण क्रम लिहून दाखवावा.

दोन मिलिमीटरवर पहिल्यांदा अशी जागा येते, जिथे दिसणाऱ्या प्रकाशातल्या दोन तरंगलांबी एकदम गैरहजर असतात. पथांतर हजार, हजारला दीडने भागलं की ६६७, अडीचने भागलं की ४००. एका टोकाचा लाल आणि दुसऱ्या टोकाचा जांभळा दोन्ही गेले, आणि मधला ५०० नॅनोमीटरचा पूर्ण उजळला, कारण हजार ही त्याची बरोबर दुप्पट. इथला निळसर हिरवा छान खुलतो.

यापुढे मात्र डोळ्याची मजा ओसरत जाते. रंग फिकट होतात, फिकट गुलाबी आणि फिकट हिरवा असे आलटून पालटून येतात, आणि थोड्याच पट्ट्यांनंतर पडदा नुसता पांढरट दिसू लागतो. पुस्तकं इथे थांबतात. ‘यापुढे पट्टे स्पष्ट दिसत नाहीत’ असं एक वाक्य टाकून प्रकरण पुढे सरकतं. माझ्या मते खरी गोष्ट इथेच सुरू होते.

पाच मिलिमीटरवरचा बिंदू घ्या. पथांतर २५०० नॅनोमीटर. कोण गैरहजर आहे हे काढायचं तर २५०० ला अर्धा, दीड, अडीच, साडेतीन असं भागत जायचं आणि उत्तर ४०० ते ७०० मध्ये पडतं का ते पाहायचं. अर्ध्याने ५०००, दीडने १६६७, अडीचने १०००, साडेतीनने ७१४. हे सगळे लालच्या पलीकडचे, डोळ्याला न दिसणारे. साडेचारने ५५६: हिरवा, सापडला. साडेपाचने ४५५: निळा, सापडला. साडेसहाने ३८५: जांभळ्याच्या पलीकडे, संपलं. म्हणजे या बिंदूवर एक हिरवा आणि एक निळा नाही. पूर्ण उजळलेले कोण, ते पूर्णांकांनी भागून कळतं: चारने ६२५, पाचने ५००, सहाने ४१७. नारिंगी लाल, निळसर हिरवा आणि जांभळा. डोळा हे सगळं एकत्र करतो आणि मेंदूला कळवतो की इथे गुलाबीकडे झुकलेलं पांढरट काहीतरी आहे.

आता मध्यापासून एक सेंटिमीटरवर जा. पथांतर ५०००. साडेसातने भागून ६६७, साडेआठने ५८८, साडेनऊने ५२६, साडेदहाने ४७६, साडेअकराने ४३५ आणि साडेबाराने ४००. लाल, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा अशा प्रत्येक घरातला एकेक माणूस गैरहजर आहे, पण कोणतंही घर पूर्ण रिकामं नाही. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीनच प्रकारच्या आणि प्रत्येक प्रकार रुंद पट्ट्यातला प्रकाश गोळा करतो, त्यामुळे या बारीक गैरहजेऱ्या तिन्ही प्रकारांत जवळपास सारख्या वाटल्या जातात. परिणाम: पांढरा. हा पांढरा आणि मध्यावरचा पांढरा डोळ्याला जवळजवळ एकसारखेच वाटतात. मध्यावर मात्र एकही तरंगलांबी गैरहजर नाही, आणि इथे सहा आहेत.

फरक उघडकीस आणायला स्पेक्ट्रोस्कोप लागतो. पडद्यात त्या बिंदूपाशी एक अरुंद चीर पाडायची आणि तिच्यातून येणारा प्रकाश लोलकातून किंवा ग्रेटिंगमधून पसरवायचा. मध्यावरच्या प्रकाशाचा वर्णपट सलग दिसतो. एक सेंटिमीटरवरच्या प्रकाशाचा वर्णपट फणीसारखा दिसतो: रंगांच्या पट्टीत उभ्या काळ्या रेघा, ठरावीक जागी. पॅरिसमध्ये फिझो आणि फूको या दोघांनी १८४५च्या सुमारास हाच मार्ग धरला. पांढऱ्या प्रकाशात मोजकेच पट्टे दिसतात, म्हणून तोवर व्यतिकरण थोड्या पथांतरापुरतंच पाहायला मिळत होतं. या दोघांनी प्रकाश वर्णपटात पसरवला आणि हजारो तरंगलांबींएवढं पथांतर असतानाही काळ्या रेघा ठळक दाखवून दिल्या. म्हणजे पडदा पांढरा झाला तेव्हा व्यतिकरण संपलेलं नव्हतं. ते फक्त डोळ्याच्या आवाक्याबाहेर गेलं होतं.

त्या सहा आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहा. ६६७ आणि ५८८ मध्ये ७९ चं अंतर, मग ६२, मग ५०, मग ४१, मग ३५. काळ्या रेघा लालकडे विरळ आणि जांभळ्याकडे दाट आहेत. तरंगलांबीऐवजी तिचा व्यस्त, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये किती लाटा मावतात तो आकडा घेतला, तर हे अंतर सगळीकडे सारखं येतं. याचा एक व्यवहारी उपयोग आहे. समजा आपल्याला पथांतर माहीत नाही, पण वर्णपटात शेजारशेजारच्या दोन काळ्या रेघा ५८८.२ आणि ५२६.३ नॅनोमीटरवर दिसल्या. दोन्हींचा गुणाकार करा आणि त्याला त्यांच्या वजाबाकीने भागा. उत्तर येतं पाच हजार. म्हणजे पडद्यावर आपण कुठे उभे आहोत, ते मोजपट्टीला हात न लावता रंगांच्या गैरहजेरीवरून कळतं.

प्रत्यक्ष प्रयोग करताना मात्र सावध राहायला हवं, कारण एखादी तरंगलांबी गैरहजर असण्याची कारणं तीन असू शकतात आणि त्यातलं एकच आपल्याला हवं आहे.

एक कारण फटीच्या रुंदीत दडलेलं असतं. एकट्या फटीतून जाणारा प्रकाशही पसरताना ठरावीक दिशांना शून्य होतो. याला विवर्तन म्हणतात. समजा आपल्या फटी प्रत्येकी ०.१ मिलिमीटर रुंद आहेत. मग पाच मिलिमीटरवरच्या आपल्या बिंदूवर ५०० नॅनोमीटरचा प्रकाश एकेका फटीतून मुळी पोचतच नाही. दोन फटींच्या हिशोबाने तो तिथे पूर्ण उजळलेला असायला हवा होता, कारण २५०० ही त्याची पाचपट. पण दोन्ही फटींकडून आलेली शून्यं कितीही जुळवून मिळवली तरी बेरीज शून्यच. वर्णपटात आता तीन काळ्या जागा दिसतील: ५५६, ५०० आणि ४५५. विद्यार्थी गोंधळतो, सूत्र तर दोनच सांगत होतं. उलगडा करायची युक्ती यंगचीच आहे. एक फट झाका. व्यतिकरणाने गेलेले ५५६ आणि ४५५ परत येतात, कारण त्यांना पुसणारं दुसरं कोणी उरलं नाही. ५०० परत येत नाही. हा घोळच टाळायचा असेल तर फटी ०.०३ मिलिमीटरएवढ्या अरुंद घ्याव्या लागतात. मग एक सेंटिमीटरपर्यंतच्या भागात दिसणाऱ्या प्रकाशातली एकही तरंगलांबी विवर्तनामुळे शून्य होत नाही. किंमत एकच, उजेड फार कमी मिळतो आणि खोली चांगली अंधारी करावी लागते.

दुसरं कारण खुद्द दिव्यात असतं. फिलामेंटच्या बल्बचा किंवा हॅलोजनचा वर्णपट सलग असतो. सीएफएलच्या प्रकाशात मात्र ठळक रेषा आणि त्यांच्यामध्ये मोठमोठ्या रिकाम्या जागा असतात. पांढऱ्या एलईडीत साधारण ४५० नॅनोमीटरपाशी निळ्याचा उंच सुळका, मग ४८० च्या आसपास दरी, आणि मग पिवळ्याचा पसरट डोंगर असतो. अशा दिव्याखाली ४८० गैरहजर वाटला तर दोष फटींवर ढकलू नये. इथली परीक्षा सोपी आहे: स्पेक्ट्रोस्कोप मध्यावर आणा. मध्यावर पथांतर शून्य असल्याने तिथे जे नाही, ते दिव्यातच नव्हतं. उन्हाच्या वर्णपटातही बारीक काळ्या रेषा असतात, पण त्या इतक्या तलम की आपल्या रुंद रेघांशी त्यांची गल्लत होत नाही.

या दोन्ही परीक्षांतून जे पार पडतं, ते तिसरं आणि खरं कारण.

आणि कधीकधी याच्या उलटही होतं: जे गैरहजर असायला हवं ते नीट हजर दिसतं. स्पेक्ट्रोस्कोपची चीर रुंद असेल तर हे हमखास घडतं. हिरव्याचे पट्टे १.१ मिलिमीटरने येतात, म्हणजे उजळ जागेपासून काळी जागा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर. चीर एक मिलिमीटर रुंद ठेवली, तर तिच्यात हिरव्याची काळी जागाही आली आणि उजळ जागाही. वर्णपटातल्या रेघा पुसट होऊन जातात. चीर ०.१ मिलिमीटरच्या आसपास हवी आणि फटींना समांतर हवी. तिरकी झाली तरी तोच गोंधळ.

दुसरी चूक उगमाशी होते. थेट उन्हात दोन फटी धरल्या आणि पट्टे दिसले नाहीत, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. सूर्य आकाशात अर्धा अंश रुंद आहे. त्याच्या प्रत्येक बिंदूकडून आलेला प्रकाश पडद्यावर थोडी सरकलेली झालर मांडतो, आणि एवढ्या रुंद उगमापुढे फटी साधारण ०.०६ मिलिमीटरपेक्षा दूर असल्या की झालरी एकमेकींना पुसून टाकतात. आपल्या फटी तर अर्ध्या मिलिमीटरवर आहेत. म्हणून दिवा आणि फटी यांच्यामध्ये आणखी एक एकटी अरुंद फट ठेवावी लागते. ती दोन फटींच्या वीस सेंटिमीटर आधी असेल, तर ०.०५ मिलिमीटरएवढी रुंदी चालून जाते, ०.२ वर गेली की पट्टे जवळजवळ नाहीसे. यंगने झडपेला सुईएवढं छिद्र पाडलं ते याचसाठी.

पाच मिलिमीटरवरून पुसला गेलेला तो ५५६ नॅनोमीटरचा हिरवा गेला कुठे, असाही प्रश्न मुलं विचारतात, आणि विचारायलाच हवा. तो नष्ट झालेला नाही. मध्यापासून ४.४४ मिलिमीटरवर आणि ५.५६ मिलिमीटरवर, म्हणजे काळ्या जागेच्या दोन्ही बाजूंना, तोच हिरवा पूर्ण तेजाने उजळलेला आहे. तिथे तो एका फटीच्या उजेडाच्या दुप्पट नव्हे तर चौपट असतो. सगळा पडदा धरून सरासरी काढली तर दुपटीवरच येते, म्हणजे दोन फटींतून जेवढा प्रकाश आला तेवढाच पडद्यावर आहे. वाटणी बदलली, बेरीज नाही.

हिशोबाची ही पद्धत आज डोळ्यांच्या दवाखान्यात रोज वापरली जाते. मधुमेहाच्या रुग्णांना ‘पडद्याची ओसीटी करून घ्या’ असं डॉक्टर सांगतात. त्या यंत्राच्या आजच्या प्रचलित प्रकारात दोन फटींऐवजी दोन वाटा असतात: एक यंत्रातल्या आरशापर्यंत जाऊन परत येणारी आणि दुसरी डोळ्याच्या आतल्या पडद्यावरून परत येणारी. प्रकाश एका रंगाचा नसतो; साधारण ८४० नॅनोमीटरच्या आसपासचा, रुग्णाला जेमतेम जाणवणारा अवरक्त पट्टा असतो. परत आलेले दोन्ही प्रकाश एकत्र करून वर्णपटात पसरवले जातात. पडद्याचा प्रत्येक थर आपापल्या पथांतरानुसार त्या वर्णपटात काळ्या-उजळ रेघांची वेगळी फणी उमटवतो. थर जितका खोल तितक्या रेघा दाट. संगणक त्या सगळ्या फण्या एकमेकींपासून सोडवतो आणि प्रत्येक थर किती खोल आहे ते काही मायक्रोमीटरपर्यंत सांगतो. सूज कुठे आली, पाणी कुठल्या थराखाली साचलं, हे डोळ्याला हात न लावता कळतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत यातलं बरंच काही करता येण्याजोगं आहे. बीएस्सीला बायप्रिझमचा प्रयोग असतो, तो सोडियमच्या पिवळ्या दिव्यावर केला जातो आणि पट्ट्यांची रुंदी मोजून वही बंद होते. शिक्षकांना एक विनंती: मोजमाप संपलं की सोडियमचा दिवा काढून त्या जागी साधा फिलामेंटचा बल्ब लावा आणि मुलांना आयपीसमधून मधली पांढरी रेघ शोधू द्या. मग आयपीस बाजूला करून, जिथे रंग संपून नुसता पांढरा उरतो तिथे हातातला छोटा स्पेक्ट्रोस्कोप धरायला सांगा. वर्णपटात किती काळ्या रेघा आहेत ते मुलांनाच मोजू द्या आणि पथांतरही त्यांनाच काढू द्या.